तिकीट लावून केलेला आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम: जाहीर करण्याआधी काय काय ठरवावं लागतं

10 जानेवारीच्या शनिवारी आमच्या बँडचा तिकीट लावलेला पहिला कार्यक्रम पार पडला. त्याआधी आम्ही गणपतीत, शिमग्यात, लग्नाच्या आदल्या रात्री असे बरेच वाजवलो आहोत, पण तिथे मंडप दुसऱ्याचा, परवाना दुसऱ्याचा आणि ऐकणारे फुकट. या वेळी सगळं आमच्या अंगावर होतं. कुडाळ-मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात वाजवणारी बरीच मुलं-मुली आहेत आणि तिकिटाचा विषय निघाला की सगळे एकाच जागी अडतात: सुरुवात कुठून करायची? म्हणून ऑक्टोबरपासून जसं घडत गेलं तसं लिहिते आहे.

आम्ही पाच जण. दोन गिटार, बेस, ड्रम आणि मी गायला. या कार्यक्रमासाठी दोन पाहुणे घ्यायचे होते: दशावतारात पेटी वाजवणारे एक काका आणि त्यांच्याच कंपनीतला पखवाजवाला. आमची अर्धी गाणी त्यांच्याशिवाय उभी राहत नाहीत, त्यामुळे तारीख ठरली ती त्यांच्या सवडीने.

इथेच पहिली थांबायची वेळ आली. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे जत्रा सुरू होतात आणि दशावतारी माणूस पुढे मे महिन्यापर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळासमोर असतो. काकांनी डायरी काढून जानेवारीतल्या दोनच मोकळ्या तारखा दाखवल्या. शिवाय आंगणेवाडीची जत्रा. ती पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि तारीख जाहीर होईपर्यंत सिंधुदुर्गात कुणीही शहाणा माणूस फेब्रुवारीच्या आसपास काही ठरवत नाही. त्या दोन-तीन दिवसांत रस्ते, एसटी, जनरेटर, साउंडवाले, काहीच मोकळं नसतं. फेब्रुवारीत बारावीची परीक्षाही असते आणि अभ्यासाच्या दिवसांत आवाजाबद्दल तक्रार आली तर ती रास्तच असते. दोन्ही बाजूंनी जानेवारीचा दुसरा शनिवार सुटसुटीत वाटला.

तारीख मनात पक्की झाली त्याच दिवशी ड्रमवाल्याला स्टेटस टाकायचं होतं. आम्ही थांबवलं. सभागृहाची पावती हातात आल्याशिवाय तारीख बाहेर सांगायची नाही, हे ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

तालुक्याच्या गावातलं नगरपरिषदेचं सभागृह आम्ही निवडलं. खाली 320 खुर्च्या, वर सज्जात 100. अर्ज, एका जबाबदार व्यक्तीचं आधार, कार्यक्रमाचं स्वरूप आणि वेळ, एवढं दिल्यावर भाडं आणि अनामत भरायला सांगितलं. विजेसकट भाडं 14,000 आणि अनामत 5,000. पावतीच्या मागे छापलेल्या अटी आम्ही टेबलावर बसून मोठ्याने वाचल्या, कारण पुढे जाहिरातीतले नियम तिथूनच येणार होते. रंगमंचाला खिळे ठोकायचे नाहीत. धुराचं यंत्र नाही. प्रेक्षागृहात खाणं नाही. गुटख्याचे डाग आढळले तर अनामतीतून वजावट. आणि सर्वांत महत्त्वाची अट: शासकीय कार्यक्रम आला तर आरक्षण रद्द होऊ शकतं, भाडं परत मिळेल. ही अट वाचली नसती तर तिकिटाचे पैसे परत करायची ओळ आमच्या जाहिरातीत आलीच नसती.

नोव्हेंबरच्या मध्यात गाण्यांच्या यादीवर बसलो, कारण परवानगीचा अर्धा भाग यादीवरच अवलंबून असतो. पहिल्या यादीत सिनेमातली चार गाणी होती. आजवर आम्ही ती बिनधास्त वाजवत आलो होतो. हौशी मंडळाने फुकट ऐकणाऱ्यांपुढे सादर केलं, तर कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट संपते. मग गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो आणि तो घेण्याची जबाबदारी आयोजकाची, म्हणजे या वेळी आमचीच. परवाना मिळण्यात अडचण काही नसते. पण चार गाण्यांसाठी तो खर्च आणि पत्रव्यवहार करण्यापेक्षा ती चार गाणी काढून आमची स्वतःची दोन आणि फाग वाढवावेत, असं सर्वांचं मत पडलं. पारंपरिक फाग आणि गजर यांवर कुणा एकाचा हक्क नाही. एका गाण्याचे शब्द मात्र आमच्या भागातल्या एका दिवंगत कवींचे होते. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणून त्यांच्या मुलीकडून साध्या कागदावर लेखी संमती घेतली. त्या माउलीने सही करताना आम्हाला बसवून अख्खी कविता म्हणून दाखवली. तिच्या म्हणण्यात एका ओळीवर जो थांबा होता तो आमच्या चालीत नव्हता. आम्ही चाल बदलली.

मध्यंतरात साउंडवाले सवयीने पेन ड्राइव्हवरची गाणी लावतात. रेकॉर्ड वाजवायला वेगळा परवाना लागतो, ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा. आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं की मध्यंतरात काहीही लावायचं नाही.

यादीचा क्रम लावताना जे शिकले ते सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या बँडना हा प्रश्न पडत नाही. पेटीचे सूर बदलत नाहीत. गिटार पेटीला मिळवायची, पेटी गिटारला नाही. आमच्याकडच्या गाण्यांच्या पट्ट्या सहा वेगवेगळ्या होत्या, कारण प्रत्येक गाणं ज्याला जसं सुचलं तसं बांधलेलं. पहिल्याच तालमीत काकांनी पखवाजवाल्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "बाय, दर गाण्याक तो पखवाज चढवूक-उतरवूक लागलो, तर तुमी गाणा कधी म्हणतल्यात?"

पखवाज चढवायचा म्हणजे गठ्ठे ठोकायचे, गजरा ठोकायचा, डाव्या पुडीवरची कणीक कमी-जास्त करायची. समुद्राच्या हवेत संध्याकाळनंतर कातडं ओल धरतं आणि लावलेला सूर उतरत जातो. प्रत्येक गाण्यामागे तीन-चार मिनिटं नुसत्या ठोकाठोकीत गेली तर तीन तासांच्या कार्यक्रमात अर्धा तास रिकामा जाईल. उपाय असा काढला: सगळी गाणी दोनच पट्ट्यांत आणली. पूर्वार्ध काळी एकमध्ये, उत्तरार्ध पांढरी चारमध्ये, आणि पखवाज दोन. दुसरा पखवाज मध्यंतरात लावायचा. गिटारवाल्यांसाठी काळी एक म्हणजे सी शार्प आणि पांढरी चार म्हणजे एफ. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून ठेवला की सी च्या आकारात पूर्वार्ध निघतो आणि ई च्या आकारात उत्तरार्ध. कॅपो हलवायलाच लागत नाही. मला दोन गाणी सवयीपेक्षा वर गावी लागली. त्यासाठी डिसेंबरभर रोज सकाळी मेहनत केली, आणि एका गाण्याची शेवटची ओळ वर न नेता खाली आणली.

कणीक घरून डब्यात न्या. सभागृहाच्या आवारात ऐनवेळी मिळत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी अर्ज दिला. सोबत सभागृहाची पावती, सभागृहाच्या अग्निसुरक्षा प्रमाणपत्राची प्रत (ती नगरपरिषदेतून मागून घ्यावी लागते), कार्यक्रमाचा मजकूर, गाण्यांची यादी, तिकिटांची संख्या आणि दर, गाड्या कुठे लावणार त्याचा हाताने काढलेला नकाशा. तिथल्या साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट आहे का? आणि दारं बंद ठेवणार का?

दुसरा प्रश्न मला आधी कळला नाही. त्यांनी समजावलं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालचा नियम सर्वांना माहीत असतो. त्यात बंदिस्त सभागृहांना सूट आहे, तीही आतल्या आत. पण आपल्याकडची बहुतेक सभागृहं पंख्यांवर चालतात, वर झरोके असतात आणि उकडायला लागलं की कुणीतरी दारं उघडतं. मग ते बंदिस्त कसलं? शिवाय दिवसासुद्धा मर्यादा आहेच. निवासी भागात ती 55 डेसिबल, आणि सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर त्यापेक्षा 10 पर्यंत जास्त चालतं, म्हणजे आमच्या बाबतीत कुंपणाच्या भिंतीशी 65. म्हणून आम्ही ठरवलं की साडेनऊला शेवटचं गाणं संपवायचं. एसटीच्या हिशोबानेही ते बरं होतं. परुळे, म्हापण, चिपीकडचा माणूस रात्री उशिरा घरी कसा जाणार, याचा विचार न करता लावलेल्या वेळेला तिकीट खपत नाही.

परवाना हातात यायला दीड आठवडा लागला. फी अगदी किरकोळ. इतर जिल्ह्यांत, मोठ्या शहरांत आणखी कागद मागतात, त्यामुळे आपापल्या ठाण्यात आधी तोंडी विचारून मगच अर्ज लिहा.

तिकिटाचा दर आम्ही खर्चावरून काढला. अंदाजे खर्च 55,000. सभागृह दोन तृतीयांश भरेल असं धरलं तर 280 तिकिटं, म्हणजे माणशी 196. खाली 200 आणि सज्जात 150 ठेवले, आणि थोडी तूट आली तर पाच जणांत वाटून घ्यायची तयारी ठेवली. संगीताच्या कार्यक्रमाला माणशी 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुढे आला नाही.

ऑनलाइन बुकिंगच्या साइटवर गेलो नाही. कुडाळमध्ये एक मेडिकल, आमच्या गावातलं वाचनालय आणि बाजारपेठेतली एक बेकरी, अशा तीन ठिकाणी तिकीटबुकं ठेवली. तीन ठिकाणी एकच प्लॅन ठेवला तर एकच खुर्ची दोघांना विकली जाते. त्यावर नाटकवाल्या एका दादांनी सांगितलेला मार्ग वापरला: रांगाच वाटून दिल्या. अ ते ई वाचनालयात, उ ते ओ कुडाळला, उरलेल्या आणि सज्जा बेकरीत. फोनवर मागणी आली तर त्याच बेकरीच्या रांगांतून द्यायचं, पैसे यूपीआयने आले की लगेच प्लॅनवर फुली. गुरुवारी संध्याकाळी तिन्ही ठिकाणची न विकलेली पानं परत आणून एकच प्लॅन केला आणि शनिवारी तो खिडकीवर ठेवला. एकाही खुर्चीवरून वाद झाला नाही.

आता जाहिरात. परवाना मिळाला त्या रात्री आम्ही ती लिहायला बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे टाकली. बँडचं आणि सभागृहाचं नाव, फोन नंबर वगळून मजकूर असा होता:

"शनिवार, 10 जानेवारी. दारं 6 वाजता उघडतील, कार्यक्रम 6.30 ला सुरू होईल आणि 9.30 ला संपेल. मध्ये 20 मिनिटांचं मध्यंतर.

तिकीट: खाली 200, सज्जा 150. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ती मांडीवर बसतील. मिळण्याची ठिकाणं खाली दिली आहेत. शनिवारी 4 पासून खिडकीवर, शिल्लक असतील तर. विकलेलं तिकीट परत घेतलं जाणार नाही. कार्यक्रम रद्द झाला किंवा तारीख बदलली तर जिथे घेतलंत तिथेच पूर्ण पैसे परत मिळतील, तिकीट जपून ठेवा.

सभागृहात खाणं, पान, गुटखा आणू नये. कार्यक्रम सुरू झाल्यावर आलेल्यांना दोन गाण्यांच्या मधेच आत सोडू. दारं बंद राहतील. फोटो काढा, फ्लॅश नको. सज्जाला जिना आहे. चढणं जमत नसेल त्यांनी खालचं तिकीट घ्यावं, चाकाच्या खुर्चीसाठी डावीकडच्या दारात उतार आहे, आधी फोन करावा.

ऐकायला मिळेल: आमची स्वतःची सात गाणी, त्यांतली दोन पहिल्यांदाच. गाबतांचे शिमग्याचे फाग, बेस आणि पखवाजावर. उत्तरार्धात दशावतारातल्या पेटी-पखवाजाची जुगलबंदी आणि एक गजर, ज्यात तुम्हालाही गायचं आहे. या कार्यक्रमात सिनेमातली गाणी नाहीत."

शेवटच्या वाक्यावर आमच्यात बराच वाद झाला. बेसवाल्याचं म्हणणं, 'नाहीत' असं वाचून माणसं येणार नाहीत. माझं म्हणणं, दोनशे रुपये देऊन आलेल्या माणसाने तिसऱ्या गाण्याला ओरडून फर्माईश करावी आणि आम्ही नाही म्हणावं, त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. वाक्य राहिलं. दोघांनी फोनवर विचारलं, "मग काय गाणार?" त्यांना मी फाग फोनवरच ऐकवला, एकाने चार तिकिटं घेतली. वितरकांकडून कळलं की लोक सर्वांत जास्त विचारत होते ते संपायची वेळ. ती ठळक छापा.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहाला सभागृह ताब्यात मिळालं. रिकामं सभागृह सिमेंटच्या भिंतींमुळे घुमत होतं आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा नाद माइकमध्ये येऊन बेसमध्ये मिसळत होता, शब्दच कळेनात. साउंडवाल्या भाऊने पखवाजाच्या डाव्या माइकचा खालचा सूर कापला, बेस थोडा मागे घेतला आणि म्हणाला की खुर्च्या भरल्या की घुमणं निम्मं होईल. तसंच झालं. मग सर्वांत मोठं गाणं वाजत असताना मी बाहेर कुंपणाशी फोनवरचं आवाज मोजायचं अॅप घेऊन उभी राहिले. फोनचा आकडा अंदाजापुरताच असतो, तरी 70 च्या वर जात होता. मुख्य दोष खालच्या सबवूफरचा. एक बंद केला, दारं लावली, आकडा साठीच्या घरात आला. त्या जागी मिक्सरवर चिकटपट्टीची खूण केली आणि रात्री कुणीही त्याच्या वर न्यायचं नाही असं ठरलं.

सात वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. सभागृहाचा जनरेटर फक्त दिवे आणि पंखे चालवतो, हे आम्ही नोव्हेंबरमध्येच विचारून ठेवलं होतं आणि रंगमंचासाठी वेगळा जनरेटर घेतला होता, 6,000 रुपयांचा. तो चालू होऊन मिक्सर परत उठेपर्यंत काही मिनिटं गेली. तेवढ्यात काकांनी पेटीवर गजर धरला, विना माइक, आणि मागच्या रांगांनी टाळ्यांवर ठेका घेतला. उत्तरार्धासाठी राखलेला गजर असा आधीच झाला, तोही पेटीला सोयीच्या तिसऱ्याच पट्टीत. पुढे पांढरी चारमध्ये तो पुन्हा घेतला तेव्हा लोकांना शब्द पाठ होते. नव्या दोन गाण्यांतलं एक चांगलं गेलं, एक अजून कच्चं आहे, त्याचा मधला भाग लांबतो. नऊ पंचविसाला शेवटचा फाग संपला.

हिशोब उघड देते, कारण मला सुरुवातीला कुणाकडून असा मिळाला नव्हता. खाली 268 तिकिटं गेली, सज्जात 61. जमा 62,750. सभागृह 14,000, साउंड आणि लाइट 27,500, जनरेटर 6,000, छपाई 3,200, दोन पाहुण्यांचं मानधन 5,000, चहा-वडापाव 1,700. एकूण 57,400. उरलेल्या 5,350 मधून पखवाजाची एक पुडी नवी बसवून दिली, बाकी पुढच्या भाड्यासाठी ठेवले आहेत. आमचं स्वतःचं मानधन यात धरलेलं नाही आणि तालमीसाठी खोलीही फुकट मिळाली. ते धरलं तर या दरात कार्यक्रम तोट्यात जातो. पुढच्या वेळी खालचं तिकीट 250 ठेवणार आहोत.

रात्री सभागृह झाडून घेतलं, रिकाम्या खुर्च्यांचे आणि भिंतींचे फोटो शिपाईदादांसमोर काढले. अनामत आठवड्याभराने पूर्ण परत आली. त्यासाठी मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही, त्यामुळे ती फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून सर्वांत वर ठेवा.